चार मिनिटांत आभार: विधी महाविद्यालयातलं निरोपाचं भाषण

तीन वर्षांच्या एलएल. बी.ला २०२३ साली प्रवेश घेतलेल्या आमच्या तुकडीचा निरोप समारंभ एप्रिलमध्ये सोलापुरात झाला. वर्गाच्या वतीने आभाराचं भाषण माझ्याकडे होतं आणि वेळ होती चार मिनिटं. आधी प्राचार्य, प्रमुख पाहुणे म्हणून आलेले न्यायाधीश आणि दोन प्राध्यापक बोलणार होते, त्यानंतर मी. हे भाषण कसं तयार झालं, कुठे अडलं आणि कशामुळे अडलं ते इथे लिहिते. भाषणाचा मजकूरही पुढे जसाच्या तसा दिला आहे.

पहिला खर्डा एका बैठकीत लिहून झाला आणि दुसऱ्या दिवशी वाचताच तो टाकून द्यावा लागणार हे कळलं. त्यात 'मोलाचं मार्गदर्शन', 'आमच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहिले', 'आयुष्याला दिशा दिली' अशी वाक्यं होती. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण दिवाणी प्रक्रिया संहिता शिकवणाऱ्या मॅडमच्या नावाखालचं वाक्य उचलून करार कायद्याच्या सरांच्या नावाखाली ठेवलं तरी काही बिघडत नव्हतं. ज्यांचे आभार मानायचे त्यांनाच त्या वाक्यात आपण दिसत नसू, तर ते आभार पोचणार कुठे?

वाट सापडली ती ड्राफ्टिंगच्या वहीत. ड्राफ्टिंग, प्लीडिंग आणि कन्व्हेयन्सिंग या विषयात प्रत्येक विद्यार्थ्याला पंधरा प्लीडिंग आणि पंधरा दस्त स्वतः लिहावे लागतात, प्रत्येकाला तीन गुण, आणि उरलेले दहा गुण तोंडी परीक्षेचे. दावा किंवा कैफियत लिहिली की शेवटी सत्यापन येतं. ते कसं करायचं हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सहाव्या आदेशातला पंधरावा नियम सांगतो. परिच्छेदांचे क्रमांक देऊन, कोणता मजकूर स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा आहे आणि कोणता इतरांकडून मिळालेल्या व खऱ्या वाटणाऱ्या माहितीवरून आहे, हे वेगवेगळं लिहायचं. खाली सही, तारीख आणि ठिकाण. नवशिक्या विद्यार्थ्याची वही सगळ्यात जास्त वेळा इथेच परत येते, कारण तो 'वरील सर्व मजकूर खरा व बरोबर आहे' असं एका ओळीत उरकून मोकळा होतो.

माझा टाकलेला खर्डा नेमका तसाच होता. सगळं खरं आणि बरोबर, पण कोणी काय पाहिलं हे कुठेच नाही. म्हणून ठरवलं की भाषणात फक्त असेच आभार ठेवायचे ज्यांचं सत्यापन करता येईल. जे मी पाहिलं ते 'पाहिलं' म्हणून सांगायचं आणि जे वर्गाने सांगितलं ते 'वर्गाने सांगितलं' म्हणून.

त्यासाठी वर्गाकडून माहिती हवी होती. आधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विचारलं, 'सरांबद्दल काही सांगा.' उत्तरं आली ती हात जोडलेल्या चिन्हांची आणि 'बेस्ट टीचर'ची. दोष उत्तर देणाऱ्यांचा नव्हता, प्रश्नच मोघम होता. साक्षीदाराला 'काय झालं ते सांगा' म्हटलं की तो कुठूनही सुरुवात करतो, तसंच हे. मग एका तासानंतर वर्गात वहीची अर्धी अर्धी पानं वाटली आणि फळ्यावर प्रश्न लिहिला: तीन वर्षांत सर, मॅडम, कर्मचारी किंवा वर्गमित्राने केलेली, तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट. काय, कुठे, साधारण कधी. नाव लिहायची सक्ती नव्हती. पंधरा मिनिटांत सत्तेचाळीस चिठ्ठ्या आल्या.

त्यांचे तीन गठ्ठे केले. स्वतः पाहिलेल्या घटनांच्या एकोणीस चिठ्ठ्या, ऐकीव घटनांच्या अकरा आणि घटनाच नसलेल्या, नुसत्या स्तुतीच्या सतरा. स्तुतीच्या चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. ऐकीव अकरांच्या बाबतीत मूळ माणूस शोधून विचारलं आणि इथे एक गोष्ट शिकायला मिळाली. एका चिठ्ठीत लिहिलं होतं की एका प्राध्यापकांनी एका विद्यार्थ्याची परीक्षा फी भरली. घटना खरी निघाली, पण तो विद्यार्थी म्हणाला, 'हे स्टेजवरून नको.' नाव न घेता सांगितलं तरी वर्गातल्या पाच-सहा जणांना कोण ते कळणारच होतं. पैशाची, आजारपणाची किंवा घरच्या अडचणीची मदत कितीही मोठी असली, तरी ज्याला ती मिळाली त्याची परवानगी नसेल तर ती भाषणात येऊ नये. आभार मानताना दुसऱ्याची अडचण चव्हाट्यावर येते. तो प्रसंग काढला. त्या विद्यार्थ्याने सरांना स्वतः पत्र लिहिलं.

पुढचा प्रश्न नावांचा होता. निरोपाच्या भाषणात सगळ्यात जास्त दुखावतं ते नाव राहून जाणं. आठवून यादी केली तर शिकवणाऱ्यांची चौदा नावं झाली. मग सहाही सत्रांची वेळापत्रकं काढून यादी केली तर एकवीस भरली. सुटलेल्या सातांपैकी चार जण तासिका तत्त्वावर शिकवणारे होते, दोन वकील होते ज्यांनी कोर्ट सांभाळून एकेका सत्रापुरता विषय घेतला होता आणि एका मॅडम पहिल्या वर्षानंतर दुसरीकडे गेल्या होत्या. हे योगायोगाने होत नाही. आठवण नेहमी शेवटच्या सत्राकडे झुकते आणि रोज दिसणाऱ्या माणसाकडे झुकते. तासिकेवर येणारे सर तास संपला की निघून जातात, स्टाफरूममध्ये त्यांची खुर्चीही ठरलेली नसते, म्हणून आधी तेच विसरले जातात. यादी करायची तर वेळापत्रकावरूनच करावी, स्मरणावर सोडू नये.

पण एकवीस नावं वाचायची तरी कशी? 'माननीय' किंवा 'ॲडव्होकेट' धरून एका नावाला तीन सेकंद लागतात. म्हणजे चार मिनिटांतलं एक मिनिट नुसतं नावांतच गेलं, आणि ग्रंथालय, कार्यालय, शिपाई ही मंडळी अजून बाहेरच. शिवाय प्रत्येक नावानंतर टाळ्या पडतात, कुणाला जास्त, कुणाला कमी, आणि हा फरक सभागृहात सगळ्यांना ऐकू येतो. म्हणून नियम केला: भाषणात एकही नाव घ्यायचं नाही. ओळख विषयाने द्यायची, 'पुराव्याच्या तासाला', 'ड्राफ्टिंगच्या मॅडमनी'. वर्गाला आणि त्या व्यक्तीला ते लगेच कळतं. सगळी नावं, कर्मचाऱ्यांसह, मोठ्या अक्षरात एका कार्डशीटवर लिहून दाराशी लावली. एक जण लिहीत होता आणि दुसरा वेळापत्रकाशी ताडून पाहत होता.

वर्गमित्रांच्या बाबतीतही हेच. साठ-पासष्ट जणांच्या वर्गात पाच मित्रांची नावं घेतली की उरलेल्यांना आपण या वर्गात होतो की नाही असं वाटतं. तिथे माणसाऐवजी काम सांगितलं. मूट कोर्टाचं मेमोरियल, म्हणजे सरावाच्या खटल्यातला लेखी युक्तिवाद, रात्री टाईप करून देणारा, कलम समजावून सांगणारी, असं म्हटलं की दहा जणांना ते आपल्याबद्दल आहे असं वाटतं, आणि ते खरंही असतं.

आता शब्दांचा हिशेब. दुसरा खर्डा ६९० शब्दांचा झाला. घरी मोबाईलवर वेळ लावून वाचला तर पाच मिनिटं पन्नास सेकंद लागली, म्हणजे मिनिटाला साधारण ११८ शब्द. सभागृहात हा वेग राहत नाही. माईकवर शब्द तोडून बोलावा लागतो, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचायला वेळ द्यावा लागतो आणि हशा किंवा टाळ्या झाल्या की थांबावं लागतं. मिनिटाला शंभर शब्द धरले आणि टाळ्यांसाठी अर्धं मिनिट सोडलं तर चार मिनिटांत साडेतीनशे शब्द बसतात. म्हणजे निम्मं भाषण काढायचं होतं.

काढताना सगळ्यात जड गेला तो सोलापूरच्या इतिहासाचा परिच्छेद. १९३० च्या मे महिन्यात या शहरात मार्शल लॉ लागला आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. या गावात कायदा शिकणाऱ्याने त्यांची आठवण काढणं मला अगदी योग्य वाटत होतं. पण तो खटला काय होता हे न सांगता चौघांची नुसती नावं घेणं म्हणजे चार पुतळ्यांवरून गाडी न थांबवता पुढे जाणं. नीट सांगायला दीड मिनिट लागलं असतं, आणि त्याचा मॅडमच्या वहीशी किंवा सरांच्या फळ्याशी सांधा जुळत नव्हता. ते स्वतंत्र भाषण आहे. काढून टाकलं.

आणखी एक ओळ काढली, ती चूक होती म्हणून. 'आजपासून आपण सगळे वकील' असं मी लिहिलं होतं. शेवटच्या सत्राची परीक्षा बाकी, निकाल बाकी, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी बाकी, अखिल भारतीय बार परीक्षाही बाकी. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ प्रमाणे नोंदणीशिवाय कोणी वकील होत नाही, आणि समोर न्यायाधीश बसलेले असताना विधीच्या विद्यार्थिनीने हे चुकवणं बरं दिसलं नसतं. त्याच कारणाने कार्यक्रमाच्या फलकावरची विद्यार्थ्यांच्या नावांपुढची 'ॲड.' ही उपाधीही काढायला लावली. न्यायाधीशांना संबोधतानाही असाच घोळ होतो. काही जण सवयीने 'मेहेरबान कोर्ट' म्हणतात. ते न्यायासनाला उद्देशून आहे. समारंभात 'माननीय न्यायाधीश महोदय' पुरेसं आहे.

कापून झाल्यावर उरलेलं भाषण हे. परिच्छेदांचे क्रमांक मी मोठ्याने उच्चारले. त्याचं कारण शेवटच्या परिच्छेदात कळतं.

'माननीय प्राचार्य, माननीय न्यायाधीश महोदय, सर्व सर, मॅडम, ग्रंथालयातली आणि कार्यालयातली मंडळी आणि माझ्या वर्गमित्रांनो, नमस्कार.

'परिच्छेद एक. ड्राफ्टिंगच्या वहीतला माझा पहिला दावा मॅडमनी तीनदा परत केला. सत्यापनात कोणती गोष्ट अशिलाने पाहिली आणि कोणती ऐकली हे मी लिहिलं नव्हतं. तिसऱ्या वेळी मॅडम म्हणाल्या, "तुझ्या या एका ओळीवर उद्या कुणाची तरी उलटतपासणी होणार आहे." मॅडम, चौथ्यांदा वही घेतलीत, त्याबद्दल आभार.

'परिच्छेद दोन. १ जुलै २०२४. पहिल्या वर्षी पाठ केलेली दंड संहिता दुसऱ्या वर्षी बदलली. सरांनी फळ्याच्या मधोमध रेघ ओढली. डावीकडे ३०२, उजवीकडे १०३. डावीकडे ४२०, उजवीकडे ३१८, पोटकलम ४. आणि म्हणाले, "डावी बाजू पुसायची नाही. जुने गुन्हे जुन्याच कलमांनी चालतील. मीही तुमच्याबरोबर शिकतोय." सर, ते शेवटचं वाक्य आम्ही वहीत लिहून घेतलं होतं. त्याबद्दल आभार.

'परिच्छेद तीन. पुराव्याच्या तासाला टेबलावर काडेपेटी होती. "आत काय आहे?" सगळा वर्ग म्हणाला, काड्या. सरांनी पेटी उघडली. आत खडूचे तुकडे. "तुम्ही पेटी पाहिली, काड्या पाहिल्या नाहीत." सर, प्रत्यक्ष पुरावा म्हणजे काय हे आता कोणतंही पुस्तक न उघडता सांगता येतं. त्याबद्दल आभार.

'परिच्छेद चार. परीक्षेच्या महिन्यात ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली तरी ग्रंथपालांनी कुलूप हातात घेऊन खुर्चीत बसून राहायचं आणि "हे पान होऊ द्या" म्हणायचं, असं आमच्यातल्या अकरा जणांनी लिहिलं आहे. मावशींनी हॉलतिकीट विसरलेल्या मुलीला स्वतःच्या रिक्षाच्या पैशांतून घरी पाठवलं, हे त्या मुलीने लिहिलं आहे, आणि ते इथे सांग असंही तिनेच सांगितलं. दोघांचे आभार.

'परिच्छेद पाच. आपल्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारे आहेत. इंग्रजी कलम एकाने मराठीत सांगायचं, दुसरीने ते तेलुगूत सांगायचं, आणि परत विचारायचं, "कळलं का गं?" रात्रपाळी करून सकाळच्या तासाला येणाऱ्यांसाठी कुणीतरी वहीची झेरॉक्स काढून ठेवलेली असायची. मूट कोर्टाच्या आदल्या रात्री मेमोरियल टाईप करणारा स्वतः त्या संघात नव्हता. उद्या कुणी जिल्हा न्यायालयात असेल, कुणी कोल्हापूरच्या सर्किट बेंचसमोर, कुणी न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसलेलं असेल. समोरासमोर वकीलपत्रं दाखल झाली, तरी कळलं का गं, हे विचारायचं राहू देऊ नका.

'सत्यापन. मी, अंतिम वर्षाची विद्यार्थिनी, असं लिहून देते की वरील परिच्छेद एक ते तीनमधला मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा आहे, आणि परिच्छेद चार व पाचमधला मजकूर माझ्या वर्गाकडून मिळालेल्या व मला खऱ्या वाटणाऱ्या माहितीवरून खरा आहे. ठिकाण, सोलापूर. तारीख, आजची. येतो आम्ही.'

सत्यापनाच्या परिच्छेदात आधी मी 'शपथेवर लिहून देते' असं लिहिलं होतं. ड्राफ्टिंगच्या मॅडमना मजकूर न दाखवता फक्त तेवढी एक ओळ विचारली तेव्हा त्यांनी शब्द खोडला. शपथेवर लिहितात ते शपथपत्र. प्लीडिंगखालचं सत्यापन वेगळं, ते परिच्छेदांना धरून चालतं आणि शपथपत्र त्याच्यासोबत स्वतंत्र जोडतात. शेवटचा शब्द 'जातो' असा नको हेही आधीच ठरलं होतं. घरातून निघताना आपण 'येतो' म्हणतो, इथेही तेच म्हणायचं.

सत्यापन शेवटी ठेवण्यामागे आणखी एक कारण होतं आणि तयारीतली ही गोष्ट मला सगळ्यात उपयोगी वाटली. अशा भाषणात आवाज भरून येतोच. तालमीत तो नेहमी एकाच जागी अडखळत होता, पाचव्या परिच्छेदात 'कळलं का गं' या शब्दांवर. वर्गमित्रांचा परिच्छेद आधी घेतला की पुढचं सगळं भाषण थरथरतं आणि प्राध्यापकांच्या वाट्याचे शब्द नीट पोचत नाहीत. तो अगदी शेवटी ठेवला तर रडतच खाली उतरावं लागतं. मधला मार्ग हा की तो शेवटून दुसरा ठेवायचा आणि त्यानंतर असा मजकूर द्यायचा जो शंभरदा लिहून हाताला आणि जिभेला बसलेला आहे. सत्यापनाचा साचा तसाच असतो. त्यात विचार करावा लागत नाही, आणि ठरलेले शब्द एकामागून एक येत गेले की श्वास परत जागेवर येतो. ज्या ओळीवर आवाज फुटतो तिच्याआधीचं वाक्यही लहान ठेवलं. लांब वाक्याच्या मध्यावर आवाज फुटला तर ना ते पूर्ण करता येतं ना सोडता येतं.

तालीम चार वेळा केली, त्यातली एक रिकाम्या सभागृहात. तिथे जे लक्षात आलं ते घरी कधीच आलं नसतं. सोलापूरचा एप्रिल म्हणजे सगळे पंखे पूर्ण वेगात. व्यासपीठावरचा पंखा थेट माईकवर वारा टाकत होता आणि स्पीकरमधून सतत घरघर येत होती. माईक हनुवटीच्या खाली, चार बोटं अंतरावर आणि किंचित तिरका धरला की ती कमी झाली. तेवढ्यानेही भागेना म्हणून पोडियमवरचा एक पंखा भाषणांपुरता बंद ठेवायला सांगितलं. दुसरा प्रश्न कागदाचा. ए-फोर कागद वाऱ्याने उडतो आणि हातात धरला तर हाताचा कंप कागदाच्या टोकाला दुप्पट दिसतो. म्हणून जाड कार्डशीटचे अर्ध्या आकाराचे सहा तुकडे केले. एका तुकड्यावर एकच परिच्छेद, अक्षर सोळा आकाराचं, ओळींमध्ये दीडपट अंतर, कोपऱ्यात क्रमांक. संबोधन पाठ होतं, त्यामुळे पहिली नजर कागदाकडे न जाता समोर गेली. मोबाईलवरून वाचायचा विचार पहिल्याच तालमीत सोडला. बोटाचा धक्का लागून मजकूर वर सरकला आणि दुसऱ्याऐवजी तिसरा परिच्छेद समोर आला.

रिकाम्या सभागृहात वेळ भरली तीन मिनिटं पस्तीस सेकंद. प्रत्यक्ष दिवशी चार मिनिटं दहा सेकंद लागली. जादा पस्तीस सेकंदांतली बरीचशी काडेपेटीवर गेली, कारण 'आत काय आहे?' म्हटल्यावर वर्गानेच मोठ्याने 'काड्या!' असं उत्तर दिलं आणि हशा शांत होईपर्यंत थांबावं लागलं. अशा जागी पुढचं वाक्य घाईने रेटलं तर ते कुणालाच ऐकू जात नाही, आणि खडूचे तुकडे हाच तर त्या परिच्छेदाचा प्राण होता. आवाज ठरल्याप्रमाणे पाचव्या परिच्छेदात फुटला. तीन-चार सेकंद थांबले, कार्ड बदललं आणि 'सत्यापन' हा शब्द उच्चारला तसा तो परत आला.

एक चूक मात्र झाली. दाराशी लावलेल्या यादीत कार्यालयातल्या परीक्षा विभागाच्या एका कर्मचाऱ्याचं नाव नव्हतं. वेळापत्रकावरून यादी केली तर शिकवणारे सुटत नाहीत, पण कर्मचारी वेळापत्रकात नसतातच. त्यांच्यासाठी हजेरीपत्रक किंवा कार्यालयाची यादी वेगळी पाहायला हवी होती. ते कार्यक्रम सुरू व्हायच्या अर्धा तास आधी एका मुलीच्या लक्षात आलं आणि नाव त्याच पेनाने, त्याच आकारात, यादीच्या मधल्या मोकळ्या जागेत लिहिलं. खाली शेवटी जोडलं असतं तर मागून आठवलं हे दिसलं असतं.

उरलेल्या चिठ्ठ्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. सत्तेचाळीसपैकी भाषणात आल्या त्या थोड्याच. स्तुतीच्या चिठ्ठ्या भाषणाच्या कामाच्या नव्हत्या, पण ज्याच्याबद्दल लिहिल्या त्याच्यासाठी त्या वाया गेलेल्या नव्हत्या. ज्यांच्याबद्दल चिठ्ठी होती त्या प्रत्येकासाठी एक पाकीट केलं, वर नाव आणि विषय लिहिला आणि आत मूळ हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या घातल्या. ज्यांच्या वाट्याला एकही आली नव्हती असे सात जण निघाले, त्यात तासिकेवरचे चौघेही होते. त्यांच्या विषयाचा तास ज्यांना आठवत होता अशा विद्यार्थ्यांकडून दोन दिवसांत नव्याने चिठ्ठ्या लिहून घेतल्या, प्रश्न तोच, काय, कुठे, कधी. त्यातली एक, वकिली सांभाळून एका सत्रापुरते आलेल्या सरांबद्दलची, अशी होती: 'मालमत्ता हस्तांतरणाचा तास. सर कोर्टातून थेट आले होते, बँड गळ्यातच होता. गहाणखत शिकवताना खिशातून स्वतःच्या घराच्या कर्जाचा कागद काढला आणि म्हणाले, हे वाचा, यात मी कर्जदार आहे.'

पाकिटं कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी हातोहात दिली. दुसरीकडे गेलेल्या मॅडमचं पाकीट टपालाने पाठवलं.